होमोझायगॉसिटी मॅपिंग: नात्यातल्या लग्नाच्या कुटुंबात जनुक शोधायचं कसं

तीन भावंडांची डोकी जन्मापासून लहान, दोन भावंडं धडधाकट, आईवडील आतेभाऊ-मामेबहीण. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कुटुंब हे असं होतं. सात जणांचा डेटा संगणकावर होता आणि त्याचं काय करायचं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. या कामावरचे शोधनिबंध भरपूर आहेत, पण त्यांत 'आम्ही सामायिक भाग शोधला' असं एका ओळीत लिहून पुढे जातात. त्या एका ओळीत माझे चार महिने गेले. तुम्ही एमएस्सी, पीएचडी किंवा वैद्यकीय शिक्षण घेता घेता पहिल्यांदाच असं कुटुंब हाती घेत असाल, तर ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हिशोब मात्र खरा आहे.

१. आधी कल्पना पक्की करा

अप्रभावी आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. समजा, पणजोबांच्या एका गुणसूत्रावर बिघडलेली प्रत होती. ती त्यांच्या मुलाला आणि मुलीलाही मिळाली. मुलाची मुलगी आणि मुलीचा मुलगा यांचं लग्न झालं. दोघांकडे तीच प्रत पोचली असेल, तर त्यांच्या बाळाला ती दोन्हीकडून मिळू शकते. ती एकटी येत नाही, शेजारचा मोठा तुकडाही सोबत घेऊन येते. म्हणून आजारी बाळाच्या गुणसूत्रावर त्या जागी लांबच लांब पट्टा दिसतो, ज्यात दोन्ही प्रती अक्षरशः एकसारख्या असतात. असा होमोझायगस पट्टा शोधायचा आणि जनुक त्याच्या पोटात आहे असं धरून पुढे जायचं. एरिक लँडर आणि डेव्हिड बॉटस्टीन यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. पण नात्यातली लग्नं आणि दुर्मिळ आजार यांचा संबंध आर्चिबाल्ड गॅरॉडनं १९०२ मध्येच टिपला होता. लघवी काळी पडणाऱ्या अल्कॅप्टोन्युरियाच्या रुग्णांचे आईवडील बरेचदा सख्खे चुलत-मावस भावंडं निघतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याच आजाराचं ठिकाण १९९३ मध्ये या पद्धतीनं तिसऱ्या गुणसूत्रावर सापडलं.

पट्टा किती लांब असतो? पणजोबांपासून बाळापर्यंत दोन्ही बाजूंनी तीन-तीन, म्हणजे एकूण सहा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि तुकडा थोडा तुटतो. आतेभाऊ-मामेबहिणींच्या किंवा इतर सख्ख्या चुलत-मावस जोडप्यांच्या आजारी मुलांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजाराच्या जनुकाभोवतीचा पट्टा सरासरी २६ सेंटिमॉर्गन निघाला, पण तो ५ पासून ७० पर्यंत कुठेही होता. एक सेंटिमॉर्गन म्हणजे ढोबळमानानं दहा लाख बेस, एक मेगाबेस. म्हणजे पट्ट्यात शेकड्यानं जनुकं असू शकतात. या पद्धतीकडून जनुक मागू नका, पत्ता मागा. आणि तोही घर क्रमांकाचा नाही, तालुक्याचा.

२. वंशावळ: 'नात्यात लग्न आहे का?' असं विचारू नका

हा प्रश्न विचारला की बरेच जण 'नाही' म्हणतात. लपवायचं म्हणून नव्हे. मामाची मुलगी करणं ही इतकी रीतीची गोष्ट आहे की ती त्यांना 'नात्यातलं लग्न' वाटतच नाही. मी आता बाळाच्या आईला विचारतो, "सासूबाईंना लग्नाआधी काय म्हणायचात?" उत्तर 'आत्या' आलं की अर्धं काम झालं. मग आईचं माहेर, सासूचं माहेर, आजेसासूचं माहेर असं मागे मागे जा. गावाचं नाव दुसऱ्यांदा आलं की तिथे थांबून खोदा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. पुरुषांना बहुधा दोन पिढ्यांपलीकडचं माहेर आठवत नाही.

साटंलोटं झालंय का, हे वेगळं विचारा. दोन घरांनी आपापले भाऊ-बहीण एकमेकांकडे दिले असतील, तर पुढच्या पिढीतली जोडी दोन्ही बाजूंनी सख्खं नातं घेऊन येते. साध्या आतेभाऊ-मामेबहिणीच्या बाळात कुठल्याही एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६ असते. साट्यालोट्याच्या मुलांनी एकमेकांशी लग्न केलं तर ती १/८ होते, मामा-भाचीच्या लग्नातही १/८.

नवख्यांची इथे एक गफलत होते. नातं जितकं जवळचं तितकं काम सोपं, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. नातं जवळचं असलं की बाळाच्या जीनोमभर एकसारखे पट्टे पसरलेले असतात आणि त्यांतला आजाराचा कुठला हे ओळखणं अवघड जातं. आईवडील दूरचे, म्हणजे पणजोबा एक असलेले असतील, तर ती शक्यता १/६४ वर येते. पट्टे थोडे असतात आणि आजारी बाळात दिसणारा प्रत्येक पट्टा जास्त बोलका ठरतो.

३. कुटुंब पुरेसं आहे का? कागदावर आधी हिशोब करा

रक्त काढण्याआधी दहा मिनिटांचा हा हिशोब करा. आमच्या कुटुंबाचंच उदाहरण घेऊ. जीनोममधली कुठलीही एक जागा निवडा, जिचा आजाराशी संबंध नाही. पहिलं आजारी मूल तिथे योगायोगानं एकसारखं असण्याची शक्यता १/१६. दुसरं आजारी मूल तिथेच तीच प्रत दोन्हीकडून घेईल, याची १/४. तिसऱ्याचीही १/४. गुणाकार १/२५६. दोन निरोगी भावंडं तशी *नसण्याची* शक्यता प्रत्येकी ३/४. सगळं मिळून साधारण १/४५५. जीनोम सुमारे ३,००० मेगाबेसचा, म्हणजे निव्वळ योगायोगानं या चाळणीतून सरासरी साडेसहा मेगाबेस गळून पडतील. खरा पट्टा वीस-पंचवीसचा असेल, तर तो बहुधा उठून दिसेल.

हाच आकडा लॉड स्कोअरमध्ये मांडला तर ४५५ चा लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे २.६६. पुराव्यासाठी ३ किंवा त्याहून थोडा जास्त लॉड लागतो असा संकेत आहे. म्हणजे आमचं कुटुंब एकट्याच्या जोरावर 'सिद्ध झालं' म्हणायला कमी पडत होतं, पण शोध घ्यायला पुरेसं होतं. एकच आजारी मूल असेल तर लॉड १.२ आणि योगायोगाचे पट्टे सरासरी १८७ मेगाबेस. तेव्हा मॅपिंग कामाचं असतं ते फक्त गाळणी म्हणून.

प्रत्येक निरोगी भावंड फक्त ०.१२ ची भर घालतं, म्हणून त्यांचं रक्त घ्यायचं टाळू नका. ती भर सरासरीतली आहे. प्रत्यक्षात एखादं निरोगी भावंड आख्खा पट्टा यादीतून बाद करतं.

४. नमुने आणि कागदपत्रं

सोबत हे असू द्या:

- तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतिपत्र. मुलांसाठी पालकांची सही लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो.
- हातानं काढलेली वंशावळ, प्रत्येक व्यक्तीला क्रमांक दिलेला.
- प्रत्येक भावंडाची तपासणी नोंद. आमच्या बाबतीत डोक्याचा घेर, उंची, एमआरआय, आणि डोळे व कान तपासल्याची नोंद. 'आजारी नाही' हेही तपासून लिहा, ऐकून नको.
- जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळ्या. आजारी, निरोगी भावंडं आणि आईवडील, प्रत्येकी तीन-चार मिली.

संमतिपत्रात एक ओळ हवीच: तपासणीत नात्याबद्दल काही अनपेक्षित दिसलं, तर ते कुणालाही सांगितलं जाणार नाही. कारण ते कधीतरी दिसतं.

नळीवर नाव *त्याच क्षणी*, त्याच माणसासमोर लिहा: पूर्ण नाव, जन्मवर्ष, वंशावळीतला क्रमांक. हे मी का बजावतो आहे ते सहाव्या पायरीत कळेल.

५. डेटा झाडून घ्या

एसएनपी अ‍ॅरे (सहा-सात लाख खुणांचा असेल तर उत्तम) किंवा एक्सोम, दोन्हींवर हे काम होतं. माझी पसंती अजूनही अ‍ॅरेला आहे. त्याच्या खुणा जीनोमभर सारख्या विखुरलेल्या असतात. एक्सोममध्ये जनुकांच्या बाहेरचे मोठे पट्टे रिकामे असतात आणि पट्ट्याची कड नेमकी कुठे, हे धूसर राहतं.

प्लिंक या प्रोग्रॅममध्ये पहिल्या तीन तपासण्या:

```
plink --bfile kutumb --read-freq ref.frq --check-sex --out ling
plink --bfile kutumb --mendel --out mendel
plink --bfile kutumb --read-freq ref.frq --genome --out naate
```

`--read-freq` विसरू नका. सात नातेवाइकांच्या फाइलीवरून प्लिंकनं अ‍ॅलीलचं प्रमाण काढलं, तर नात्याचे आकडे भलतेच येतात. लोकसंख्येच्या एखाद्या मोठ्या संदर्भ संचातून काढलेली प्रमाणं द्या. मग `PI_HAT` हा स्तंभ पाहा. पालक-मूल आणि सख्खी भावंडं ०.५ च्या आसपास यायला हवीत. नवरा-बायको ०.१२५ च्या जवळपास आले तर वंशावळ खरी. त्याहून बरेच वर गेले तर एखादं नातं सांगायचं राहिलंय.

मेंडेलच्या चुका एका मुलापुरत्या हजारोंनी वाढल्या तर ते मूल आणि पालक यांच्यात काहीतरी जुळत नाही. आधी नळी संशयाखाली घ्या, माणूस नंतर.

६. पट्टे काढा, आणि मग डोळ्यांनी पाहा

```
plink --bfile kutumb --homozyg --homozyg-kb 1000 \
  --homozyg-window-het 1 --homozyg-group --out patte
```

`patte.hom` मध्ये प्रत्येकाचे पट्टे, `patte.hom.overlap` मध्ये एकमेकांवर येणारे. `CON` ही ओळ म्हणजे गटातल्या सर्वांचा सामायिक भाग. शेवटचा `GRP` स्तंभ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन भावंडं एकाच जागी होमोझायगस असतील, पण *वेगवेगळ्या* प्रतींसाठी. तसं असेल तर तो सामायिक पट्टा नाहीच. अ‍ॅलील जुळतात की नाही, ते हा स्तंभ सांगतो.

`--homozyg-window-het 1` म्हणजे खिडकीत एक हेटरोझायगस खूण चालेल. शून्य ठेवलं तर अ‍ॅरेच्या एका चुकीच्या वाचनानं वीस मेगाबेसच्या पट्ट्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही यादीत खाली घसरतात. एक-दोन मेगाबेसहून लहान पट्टे तुमच्या-माझ्याही जीनोममध्ये असतात. ते लोकसंख्येच्या जुन्या इतिहासाचे अवशेष आहेत. सख्ख्या नात्यात आजाराचा पट्टा एवढा लहान असणं विरळच, म्हणून मी पहिल्या फेरीत दोन मेगाबेसखालचं सगळं बाजूला ठेवतो. टाकून मात्र देत नाही.

आता आमच्या कुटुंबाची हकिगत. पहिल्या आजारी मुलीचे दोन मेगाबेसवरचे पट्टे मिळून २४० मेगाबेस, म्हणजे जीनोमच्या सुमारे आठ टक्के. दुसऱ्या आजारी मुलीशी ताडून पाहिल्यावर ७१ उरले. तिसऱ्या, मुलाशी ताडल्यावर काहीच नाही. एकही पट्टा तिघांत सामायिक नव्हता.

मी पंधरा दिवस प्रमाणकं बदलत बसलो. खिडकी मोठी केली, लहान केली. मग एका वरिष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, "एकेकाला वगळून पाहिलंस का?" तीन आजारी मुलांपैकी दरवेळी एकाला बाहेर ठेवून उरलेल्या दोघांचे पट्टे पाहायचे, आणि त्या पट्ट्यांत बाकी सगळे कसे दिसतात ते बघायचं. दुसऱ्या मुलीला वगळताच पहिल्या गुणसूत्रावर २२ मेगाबेसचा स्वच्छ पट्टा वर आला. पहिली मुलगी आणि मुलगा तिथे तंतोतंत एकसारखे होते. आणि त्याच पट्ट्यात निरोगी बहीणही होमोझायगस, अगदी त्याच प्रतीसाठी.

अर्थ उघड होता: दुसरी आजारी मुलगी आणि निरोगी बहीण, या दोघींच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती. रक्त काढताना घरातल्या सगळ्यांनी दोघींना 'ताई' आणि 'माई' अशी हाक मारली आणि नळ्यांवर नावं आम्ही गाडीत बसून लिहिली. पाचव्या पायरीतल्या तिन्ही तपासण्यांतून ही चूक सुटली, कारण ती त्यांना दिसूच शकत नाही. दोघी मुली, म्हणून लिंग जुळतं. दोघी त्याच आईवडिलांच्या, म्हणून मेंडेलच्या चुका शून्य. दोघी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी, म्हणून नातं ०.५. एकाच लिंगाच्या सख्ख्या भावंडांची अदलाबदल फक्त नवीन नमुना घेऊनच पक्की करता येते. आम्ही दोघींचं रक्त पुन्हा घेतलं आणि अदलाबदल खरी निघाली.

फाइल दुरुस्त केल्यावर तिघा आजारी मुलांत दोन पट्टे सामायिक उरले: पहिल्या गुणसूत्रावर २२ आणि सातव्यावर ८ मेगाबेस. सातव्यावरच्या पट्ट्यात निरोगी मुलगाही तसाच होमोझायगस होता. तो अकरा वर्षांचा, डोक्याचा घेर वयाप्रमाणे. लहान डोकं जन्मतःच दिसतं, म्हणून त्याला निरोगी मानून तो पट्टा बाद करणं योग्य होतं. आजार विशीत सुरू होणारा असता, तर अकरा वर्षांच्या मुलाच्या जोरावर मी पट्टा बाद केला नसता.

उरलेल्या पट्ट्याच्या कडा हातानं तपासा. डावी कड पहिल्या मुलीनं ठरवली: तिची पहिली खात्रीची हेटरोझायगस खूण जिथे, तिथे पट्टा संपला. उजवी कड मुलानं ठरवली. संदर्भ जीनोमच्या hg19 आवृत्तीप्रमाणे १८२.४ ते २०४.१ मेगाबेस. hg19 की hg38, हे प्रत्येक फाइलीच्या नावात लिहा. अ‍ॅरे एकात आणि एक्सोम दुसऱ्यात असेल तर कडेजवळचं जनुक आत की बाहेर, यात फसगत होते.

तुमच्याकडे फक्त एक्सोम असेल तर:

```
bcftools roh -G30 --AF-dflt 0.4 mulgi1.vcf.gz > mulgi1.roh.txt
```

यात `RG` नं सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे पट्टे. प्रत्येकाच्या पुढे खुणांची संख्या असते, ती वाचा. गुणसूत्राच्या मध्याजवळ, सेंट्रोमिअरपाशी, काही मेगाबेसपर्यंत एकही खूण नसते. तिथे 'बारा मेगाबेसचा पट्टा' दिसला आणि खुणा वीसच असल्या, तर तो पट्टा नसून रिकामी जागा आहे. दुसरा भास म्हणजे गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असणं. एकच प्रत उरली की ती होमोझायगस दिसते. अ‍ॅरेवर सिग्नलची तीव्रता तिथे खाली गेलेली असते, ती पाहून खात्री करा.

७. पट्ट्याच्या आत

२२ मेगाबेस म्हणजे सरासरीनं दीडशेच्या आसपास जनुकं. एका आजारी मुलीचा एक्सोम घेतला आणि पट्ट्यातले फक्त होमोझायगस बदल काढले. जे बदल gnomAD या लोकसंख्येच्या डेटाबेसमध्ये अर्ध्या टक्क्याहून जास्त आढळतात, ते गाळले. प्रथिन न बदलणारे बाजूला ठेवले. दोन उरले. एक ASPM जनुकात, प्रथिन मधेच थांबवणारा. दुसरा शेजारच्याच CRB1 मध्ये, एक अमिनो आम्ल बदलणारा.

आता आईवडिलांत आणि पाचही मुलांत सँगर पद्धतीनं दोन्ही बदल तपासले. ASPM मधला बदल: आईवडील वाहक, तिन्ही आजारी मुलांत दोन्ही प्रतींत, निरोगी मुलगी वाहक, निरोगी मुलात एकही नाही. चोख बसला. मी खूश. मग CRB1 चा निकाल आला: तोही अगदी तसाच चोख.

हे होणारच होतं, आणि इथे सर्वांत जास्त लोक फसतात. पट्टा सगळा एकत्र वारसानं आलाय. त्यात पणजोबांकडून आलेला *प्रत्येक* बदल कुटुंबात आजाराबरोबरच फिरणार. कुटुंबातलं जुळणं पट्टा सिद्ध करतं, बदल नाही. दोघांतला कुठला, हे ठरवायला बाहेरचा पुरावा लागतो. CRB1 बिघडलं तर दृष्टिपटल खराब होतं. आमच्या तिन्ही मुलांची नेत्रतपासणी नोंदीत होती आणि दृष्टिपटल ठणठणीत होतं. ASPM मात्र जन्मजात लहान डोक्याचं जनुक म्हणून २००२ पासून माहीत आहे. पाकिस्तानी कुटुंबांवर काम करणाऱ्या लीड्सच्या गटानं ते याच पद्धतीनं शोधलं. त्यात प्रथिन मधेच थांबवणारे बदल वारंवार सापडतात. निर्णय झाला. चौथ्या पायरीत डोळे तपासून ठेवा असं म्हटलं, ते यासाठी.

मग कुणी विचारेल, थेट एक्सोमच का नाही केला? या कुटुंबात तसंही उत्तर मिळालं असतं. पण पट्ट्याशिवाय त्याच मुलीच्या एक्सोममध्ये दुर्मिळ होमोझायगस बदलांची यादी बरीच लांब होती, आणि नवीन जनुक असतं तर त्या यादीतून निवडायला हातात काहीच नसतं. शिवाय एक्सोममध्ये काहीच सापडलं नाही, तर पट्टा असलेल्या माणसाला कुठे खोदायचं ते ठाऊक असतं. नीट न वाचले गेलेले एक्सॉन, लहान डिलीशन, इंट्रॉनमधले बदल हे सगळं वीस मेगाबेसमध्ये शोधणं शक्य आहे, तीन हजारांत नाही.

८. पट्टा सापडलाच नाही तर

नळ्या तपासून झाल्या, एकेकाला वगळूनही झालं, तरी काही नाही. तेव्हा गृहीतकावर शंका घ्या. नात्यातल्या लग्नात जन्मलेल्या मुलाचा आजार नात्यामुळेच झाला, असं नसतं. दोन्ही प्रतींत दोन *वेगवेगळे* बदल असू शकतात. विशेषतः वाहक जास्त असलेल्या आजारांत, जसं थॅलेसेमिया. मग त्या जागी पट्टा दिसणार नाही. आजारी भावंडांनी आईवडिलांकडून तेच दोन तुकडे घेतलेत का, हे पालकांच्या डेटासह ताडून बघा. आजार एक्स गुणसूत्रावरचा असू शकतो. आजारी सगळे मुलगेच असतील तर हे आधी तपासा.

आणि एकाच घरात दोन वेगळे आजार असतात. जीनोमचा सोळावा हिस्सा एकसारखा असलेल्या मुलांत हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. बहिरेपण असलेल्या मोठ्या कुटुंबांत एका शाखेत एक जनुक आणि दुसऱ्या शाखेत दुसरं, असं निघालेलं आहे. म्हणून चुलत-मावस शाखा जोडताना आधी प्रत्येक शाखा स्वतंत्रपणे सोडवा, मग एकत्र करा.

९. कुटुंबाला काय सांगायचं

संशोधनाचा निकाल हा वैद्यकीय अहवाल नव्हे. पुढच्या गरोदरपणासाठी वापरायचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नव्या नमुन्यावर तो बदल पुन्हा तपासून घ्यावा लागतो, आणि गर्भाची तपासणी पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होते. हे सांगताना जनुकीय समुपदेशक सोबत असावा.

आमच्याकडे निकाल ऐकून घेतल्यावर आजीनं सरळ विचारलं, "मग ह्या धाकटीला आत्याकडे द्यायचं ठरलंय, त्याचं काय?" धाकटी म्हणजे निरोगी बहीण, तेव्हा चौदा वर्षांची. ती वाहक आहे हे मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही, कारण अज्ञान मुलीचं वाहकपण घरात उघड करायचं नसतं. जे कुणालाही लागू पडतं तेवढंच कागदावर मांडून दाखवलं. आजारी मुलाचं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता २/३. वडील नक्की वाहक, म्हणून त्यांची बहीण असण्याची १/२ आणि तिचा मुलगा असण्याची १/४. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता १/४. गुणाकार केला तर चोवीसात एक. दोघं सज्ञान झाल्यावर एकेक रक्ततपासणी करून घ्या. मुलगा वाहक नसेल, तर या आजारापुरती काळजी मिटली.

आजीनं कागद घडी घालून चोळीत ठेवला. मुलगी अठराची झाली तेव्हा पहिला फोन तिच्या आत्याचा आला, मुलाला घेऊन कधी यायचं ते विचारायला.